कागदाचं इंग्रजी झालं, जमिनीचं काय झालं?



नंदुरबारच्या डोंगरातला असो, अकोल्याच्या घाटावरचा असो की किनवटच्या जंगलातला, आपला जमिनीचा दावा तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या कोर्टातून वर गेला की तो छत्रपती संभाजीनगरला येतो. मुंबई उच्च न्यायालयाचं औरंगाबाद खंडपीठ 27 ऑगस्ट 1981 पासून इथे चालू आहे. मराठवाड्याचे जिल्हे, तसंच अहिल्यानगर, जळगाव, धुळे आणि नंदुरबार त्याच्याच हद्दीत येतात. तालुक्याच्या कोर्टात आपला कागद मराठीत वाचला जातो, साक्ष मराठीत लिहिली जाते. उच्च न्यायालयाची भाषा मात्र राज्यघटनेच्या कलम 348 प्रमाणे इंग्रजी. म्हणून मराठी खरेदीखत तिथे लावायचं तर सोबत इंग्रजी भाषांतर लावावं लागतं. हे भाषांतर बहुतेक वेळा घाईत होतं आणि ते कोणी वाचून बघत नाही. वकिलाच्या ऑफिसात टाइप झालं, ‘खरं भाषांतर’ म्हणून सही झाली, फाइलमध्ये गेलं.

भाषांतरातली चूक वर जास्त का लागते, ते आधी समजून घेऊ. दिवाणी दाव्याचं दुसरं अपील उच्च न्यायालयात जातं तेव्हा तिथे पुन्हा साक्षीदार उभे राहत नाहीत. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 100 प्रमाणे तिथे फक्त कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न ऐकला जातो. आणि ज्या कागदावर हक्क उभा आहे त्या कागदाचा अर्थ काय लावायचा, हा कायद्याचा प्रश्न धरला जातो. म्हणजे म्हातारा बाप काय सांगत होता, बांधावर कोण उभा होता, हे सगळं खाली राहतं आणि वर जातो तो कागद. तोही परक्या भाषेत.

आता एक कागद घेऊ. हा कुणा एकाचा नाही. जुन्या कागदांत जी वाक्यं वारंवार दिसतात ती जोडून समजण्यासाठी केलेला नमुना आहे. दिनांक 10 मे 1972. वर लिहिलंय ‘मुदत खरेदीखत’. मजकूर असा: “आम्हांस घरखर्चाकरिता रकमेची जरूर पडल्यावरून तुमचेकडून रोख रु. 1500 घेतले. त्याबद्दल आमचे मालकी वहिवाटीची जमीन 4 एकर 12 गुंठे तुम्हांस खरेदी दिली असे. पाच वर्षांचे आत सदर रक्कम एकरकमी परत केल्यास तुम्ही जमीन आम्हांस परत फिरवून द्यावी. जमिनीचा ताबा तुम्हांस दिला असे. जमिनीवर सोसायटीचे कर्ज आहे ते आम्ही वारावे. त्याव्यतिरिक्त कोणाचे गहाण वा कर्ज नाही.”

आणि त्याचं इंग्रजी झालं, त्याचा अर्थ मराठीत सांगायचा तर असा: वरचं नाव ‘सेल डीड’. आत, रु. 1500 ही ‘किंमत’ मिळाली, म्हणून जमिनीचं ‘कन्व्हेयन्स’ केलं. पाच वर्षांत पैसे दिल्यास खरेदीदार जमीन ‘परत विकेल’. जमिनीचं ‘व्हेकंट पझेशन’ दिलं. जमीन ‘सर्व एन्कम्ब्रन्सपासून मुक्त’ आहे. वाचायला अगदी गुळगुळीत. इंग्रजीचा मास्तर याला पैकीच्या पैकी मार्क देईल. पण या पाच ओळींत लिहून देणाऱ्याची जमीन तीन ठिकाणी निसटली आहे. एकेक बघू.

पहिलं नाव. ‘मुदत खरेदी’ ही आपल्याकडची जुनी चाल. सावकाराला पैसे हवेत त्याची हमी हवी, म्हणून गहाणाला खरेदीचं रूप द्यायचं आणि परत देण्याची मुदत घालायची. गावात कोणालाही विचारा, ‘जमीन मुदतीनं दिली’ म्हणजे ‘जमीन विकली’ असं तो म्हणणार नाही. कायद्यालाही ही चाल माहीत आहे. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात कलम 58 च्या क पोटकलमात ‘शर्तीच्या विक्रीचं गहाण’ असा एक प्रकारच सांगितला आहे. म्हणजे दिसायला विक्री, पण पैसे परत केले की विक्री रद्द होणार किंवा जमीन परत फिरणार. त्याला 1929 साली एक अट जोडली गेली: ही परतीची शर्त त्याच कागदात लिहिलेली पाहिजे. शर्त वेगळ्या कागदावर असली तर त्याला गहाण म्हणता येत नाही.

पण शर्त त्याच कागदात आहे एवढ्यानंही काम भागत नाही. तशीच वाक्यं असलेला दुसरा प्रकार आहे: खरीखुरी विक्री, आणि सोबत परत विकण्याचा करार. दोघांत फरक काय? गहाण असेल तर ठरलेली पाच वर्षं उलटली म्हणून जमीन बुडत नाही. पैसे भरून सोडवण्याचा हक्क राहतो आणि 1963 च्या मुदत कायद्यात त्यासाठी 30 वर्षं दिली आहेत. विक्री असेल तर पाच वर्षांच्या आत पैसे दिले नाहीत की संपलं. एका नावावर तीस वर्षांचा हक्क पाच वर्षांवर येतो.

दोघांतलं काय आहे हे ठरवायचं कोणी? कोर्टानं. कोर्ट ते कसं ठरवतं? कागदाचे शब्द आणि भोवतालची परिस्थिती बघून. पैसे कर्जाऊ घेतले होते का, जमिनीच्या भावाच्या मानानं रक्कम फार कमी होती का, ताबा कोणाकडे राहिला, सारा कोण भरत होतं. आता आपल्या नमुन्याकडे परत या. मराठीत आहे, ‘रकमेची जरूर पडल्यावरून रोख रु. 1500 घेतले’. पैशाची गरज होती, पैसे घेतले. इंग्रजीत झालं ‘किंमत मिळाली’. गरजही गेली, घेणंही गेलं. ‘परत फिरवून द्यावी’ याचं ‘परत विकेल’ झालं. आणि वरचं ‘मुदत’ हे अक्षर तर गायबच. म्हणजे कोर्टानं ज्या खुणा बघून निकाल द्यायचा, त्या सगळ्या भाषांतर करणाऱ्यानं आधीच पुसून टाकल्या. मुद्दाम केलं असेल असं नाही. ‘खरेदीखत’ दिसलं, हात आपोआप ‘सेल डीड’ टाइप करून मोकळा झाला.

मग बरोबर काय? काही वकील साथी म्हणतात, ‘शर्तीच्या विक्रीचं गहाणखत’ असं सरळ लिहावं. आमच्या मते तेही चूक. ते आपल्या बाजूचं आहे, पण भाषांतर करणाऱ्यानं निकाल देऊन टाकला हा दोष त्यातही आहे. समोरचा वकील पहिल्या मिनिटाला ते पकडेल आणि मग सगळ्या भाषांतरावरचा विश्वास जाईल. चांगली रीत अशी की ‘मुदत खरेदीखत’ हे नाव जसंच्या तसं रोमन लिपीत लिहावं, आणि आतलं वाक्य जसं आहे तसं, वाकडंतिकडं दिसलं तरी, शब्दाला शब्द ठेवून सांगावं. ‘घेतले’ला ‘घेतले’, ‘परत केल्यास’ला ‘परत केल्यास’. गहाण की विक्री हे मग न्यायाधीश ठरवतील.

याच जागी ‘कायम खूष खरेदीखत’ हा दुसरा कागद आठवा. तो खरोखर पुरती विक्री असते, त्यात परतीची शर्त नसते. इंग्रजीत त्याला ‘ॲब्सोल्यूट सेल डीड’ म्हणणं बरोबर आहे. (खूष कोण होतं ते कागद सांगत नाही, पण तो वेगळा विषय.) मुदत खरेदी आणि कायम खूष खरेदी या दोन्हींना इंग्रजीत एकच नाव लागलं, की आपला कागद तिथेच दुसरा झाला.

‘कन्व्हेयन्स’ या शब्दाबद्दल दोन गोष्टी. सरकारी मराठीत त्याला ‘अभिहस्तांतरण’ म्हणतात. हे एका कागदाचं नाव नाही. ज्या कागदानं मालमत्तेतला हक्क एकाकडून दुसऱ्याकडे जातो, त्या कागदाच्या कामाचं ते नाव आहे. खरेदीखत हे काम करतं. साठेखत, म्हणजे पुढे विकण्याचा करार, ते करत नाही. 1882 च्या कायद्याचं कलम 54 स्पष्ट सांगतं की विकण्याच्या करारानं त्या मालमत्तेत कोणताही हक्क तयार होत नाही. इसार पावतीनं तर नाहीच. पण मुद्रांकाचा कायदा वेगळा बोलतो. 1958 च्या महाराष्ट्र मुद्रांक कायद्यात, साठेखतासोबत ताबा दिला असेल किंवा द्यायचं ठरलं असेल, तर मुद्रांकापुरतं ते ‘कन्व्हेयन्स’ धरून पूर्ण शुल्क घेतात. फक्त शुल्कापुरतं. मग होतं काय, ताबा साठेखतावर ‘कन्व्हेयन्स म्हणून शुल्क भरलं’ असा इंग्रजी शेरा बसतो, आणि त्याचं मराठी करताना कोणी लिहितं, ‘खरेदीखत म्हणून शुल्क भरलं’. गावात सांगितलं जातं, बघा, सरकारनंच खरेदी मान्य केली. तसं काही नाही. शेऱ्याचं मराठी ‘अभिहस्तांतरण समजून आकारलेलं मुद्रांक शुल्क’ एवढंच. ‘समजून’ हा शब्द गाळू देऊ नका.

दुसरी जागा, ताबा. आपल्या बोलीत ताबा, कब्जा, वहिवाट, भोगवटा, कसणूक हे शब्द एकमेकांत मिसळतात. इंग्रजीत सगळ्यांना ‘पझेशन’ लावलं की काम झालं असं वाटतं. झालेलं नसतं. ताबा आणि कब्जा म्हणजे जमीन हातात असणं, इथे ‘पझेशन’ ठीक. भोगवटादार हा महसूल कायद्यातला शब्द आहे, त्याचं इंग्रजी ‘ऑक्युपंट’. 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत या शब्दाची स्वतंत्र व्याख्या आहे आणि 7/12 वरचा वर्ग 1, वर्ग 2 तिथूनच येतो. भोगवटादाराला इंग्रजीत ‘ओनर’ म्हटलं की वर्ग 2 ची बंधनं झाकली जातात. ‘पझेसर’ म्हटलं की त्याचा नोंदलेला हक्क लहान होऊन नुसता बसलेला माणूस उरतो.

सगळ्यात फसवा शब्द वहिवाट. ‘सदर जमिनीत आमची चाळीस वर्षांची वहिवाट आहे’ म्हणजे आम्ही ती जमीन कसतो, तिचं पीक खातो. पण ‘वहिवाटीचा रस्ता’ म्हणजे जाण्यायेण्याचा हक्क. शब्दकोशात वहिवाटीपुढे दोन्ही अर्थ सापडतात. घाईत दुसरा उचलला तर इंग्रजीत वाक्य होतं: त्यांना या जमिनीतून जाण्यायेण्याचा हक्क आहे. जमीन कसणारा माणूस रस्त्यानं जाणारा होऊन बसतो. आपल्या नमुन्यात ‘आमचे मालकी वहिवाटीची जमीन’ आहे. इंग्रजीत त्यातली वहिवाट पुरतीच गाळली. मालकी आणि वहिवाट हे दोन वेगळे शब्द आहेत, दोन्ही आले पाहिजेत.

ताब्याच्या वाक्यात क्रियापद बघा. ‘ताबा दिला असे’ म्हणजे आज गेला. ‘ताबा देऊ’ म्हणजे पुढे जाईल. ‘ताबा तुमचेकडे आहेच’ म्हणजे आधीपासून होता, बहुधा कूळ किंवा बटाईदार म्हणून. ‘कागदोपत्री ताबा दिला’ म्हणजे प्रत्यक्षात नांगर आपलाच. या चारांची चार वेगळी इंग्रजी वाक्यं होतात. आपल्या नमुन्यात नुसतं ‘ताबा दिला असे’ आहे. भाषांतरात ‘व्हेकंट पझेशन’, म्हणजे रिकामी, कोणीही नसलेली जमीन हातात दिली. हा रिकामेपणा मराठीत कुठेच नाही. शहरातल्या फ्लॅटच्या कागदांत तो शब्द असतो, तिथून सवयीनं आला. त्या जमिनीत भाऊ राहत असेल, बहीण तिचा तुकडा कसत असेल, तर या एका शब्दानं तीही माणसं कागदावरून उठवली.

ताब्याची तारीख का महत्त्वाची, ते आपल्या कायद्यांवरून दिसतं. आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा 1974 चा महाराष्ट्राचा कायदा, ज्याला 1984 साली सर्वोच्च न्यायालयानं लिंगप्पा पोचन्ना अप्पेलवार खटल्यात वैध ठरवलं, तो 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळात आदिवासीकडून बिगर आदिवासीकडे झालेल्या हस्तांतरणांना लागतो. त्यात विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण आणि भाडेपट्टा सगळे येतात. म्हणून तिथे विक्री की गहाण हा वाद फारसा उरत नाही. तिथे विचारतात: हस्तांतरण कधी झालं, आणि जमीन आता कोणाच्या ताब्यात आहे. आपला 1972 चा कागद, घेणारा बिगर आदिवासी असेल, तर या काळात बसतो. घेणारा दुसरा आदिवासीच असेल तर हा कायदा लागत नाही, आणि मग वरचा गहाण-विक्रीचा प्रश्नच सगळं ठरवतो.

6 जुलै 1974 नंतरच्या व्यवहारांना महसूल संहितेचं कलम 36 अ आहे. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण, भाडेपट्टा ‘किंवा अन्यथा’ देता येत नाही. पाच वर्षांपर्यंतच्या गहाणाला वा भाडेपट्ट्याला जिल्हाधिकाऱ्यांची आधी परवानगी लागते. बाकी सगळ्याला जिल्हाधिकारी शासनाची मान्यता घेऊनच परवानगी देऊ शकतात. या कलमाला वळसा घालायला ताबा साठेखत वापरतात. आणि मग एकच कागद दोन ठिकाणी दोन अर्थांनी भाषांतरित होतो. परवानगीचा प्रश्न आला की म्हणायचं, हा तर नुसता ‘ॲग्रीमेंट’ आहे, हस्तांतरण कुठे झालं? जमीन सोडायची वेळ आली की म्हणायचं, ‘सेल’ झालेली आहे, ताबाही आहे. दोन्ही भाषांतरं हातात घ्या आणि शेजारी शेजारी ठेवा. ‘किंवा अन्यथा’ या शब्दांत काय बसतं यावर वकील बोलतील, पण ताबा कोणत्या दिवशी कोणाकडे गेला हे वाक्य दोन्हीकडे एकच असलं पाहिजे.

तिसरी जागा, बोजा. इंग्रजी शब्द ‘एन्कम्ब्रन्स’, सरकारी मराठीत भार, आपल्या 7/12 वर बोजा. इंग्रजी शब्द मोठा आहे. त्यात कर्जाचं गहाण येतं, कोर्टाची जप्ती येते, पोटगीचा भार येतो, भाडेपट्ट्यानं दिलेला हक्क येतो, जमीन घेणाऱ्याच्या हक्काला जे जे आड येतं ते बरंच काही येतं. आपल्या लोकांच्या बोलण्यात बोजा म्हणजे सोसायटीचं नाहीतर बँकेचं कर्ज. नमुन्यात लिहून देणारा म्हणतो, ‘सोसायटीचे कर्ज आहे ते आम्ही वारावे, त्याव्यतिरिक्त गहाण वा कर्ज नाही.’ इंग्रजीत झालं ‘सर्व एन्कम्ब्रन्सपासून मुक्त’. इथे दोन चुका आहेत. सोसायटीचं कर्ज त्यानं उघड सांगितलं होतं, ते गाळलं. म्हणजे तो खोटं बोलला असं दिसतं. आणि त्यानं फक्त गहाण व कर्ज नाही एवढीच हमी दिली होती, ती सगळ्या प्रकारच्या भारांची झाली. उद्या त्या जमिनीत कूळ निघालं, गावाची पाण्याची वाट निघाली, तर भरपाई मागायला खरेदीदार त्याच्याच दारात. बरोबर भाषांतर लांब असेल: ‘सोसायटीचं कर्ज सोडून गहाण किंवा कर्ज नाही, ते कर्ज विकणारा फेडेल.’ लांब असू द्या.

उलट बाजूनंही हे घडतं. इंग्रजी मसुद्यावरून मराठी खरेदीखत करताना ‘एन्कम्ब्रन्स’चं ‘कर्ज’ करतात. लिहून देणाऱ्याला वाटतं, कर्ज नाही, करा सही. इंग्रजी प्रतीत मात्र सगळे भार. दोन भाषांतला कागद असला तर कोणती प्रत खरी धरायची हे त्यातच लिहून घ्यावं.

आणि एक गोष्ट बोजा नसूनही बोजाच्या रकान्यात हरवते. 7/12 च्या ‘इतर हक्क’ या रकान्यात कलम 36 किंवा 36 अ चा शेरा असतो, वर्ग 2 ची शर्त असते. ते कोणाचं येणं नाही, ती विकण्यावरची बंदी आहे. ‘शोध अहवाल’ म्हणून जे इंग्रजीत येतं ते दुय्यम निबंधकाच्या सूची क्रमांक 2 वरून केलेलं असतं. त्यात नोंदणी झालेले कागद दिसतात, बंदी दिसत नाही. अहवालात ‘एन्कम्ब्रन्स निल’ लिहिलं, त्याचं मराठी झालं ‘जमीन निर्वेध आहे’. निर्वेध म्हणजे काहीच आडकाठी नाही! ‘नोंदणीकृत भार आढळला नाही’ एवढंच त्याचं मराठी. 7/12 चं भाषांतर करताना ‘इतर हक्क’ रकाना पूर्ण उतरवला आहे का, ते पहिल्यांदा बघायचं.

मराठवाड्यातल्या साथींसाठी थोडं वेगळं. किनवट 1956 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होतं, आणि निजामी राजवटीतले कागद उर्दूत आहेत. त्यात ‘बय’ म्हणजे विक्री, ‘रहन’ म्हणजे गहाण, आणि ‘बय बिल वफा’ म्हणजे आपली मुदत खरेदी. उर्दूतून मराठी, मराठीतून इंग्रजी असा दोन घाटांचा प्रवास असला तर पहिल्याच घाटात ‘बिल वफा’ पडतं आणि नुसतं ‘बय’ पुढे जातं. उर्दूतून सरळ इंग्रजी करून घ्यावं. तारीख फसली सालात असली तर साधारण 590 मिळवून इसवी सन येतो, फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू व्हायचं म्हणून महिनाही बघावा.

वनहक्काच्या कागदाबद्दल गावागावांतून प्रश्न येतात. आपण त्याला पट्टा म्हणतो. बोलायला सोपं आहे, म्हणत राहू. पण कोर्टाच्या इंग्रजीत ‘पट्टा’ शब्द पाहून कोणी ‘लीज’ लिहिलं तर लगेच हरकत घ्या. लीज म्हणजे भाडेपट्टा, मुदत संपली की परत. पूर्वी एकसाली प्लॉट दिले जात, ते तसे होते. 2006 च्या वनहक्क कायद्यानं मिळतो तो हक्क भाडेपट्टा नाही. इंग्रजी नमुन्यात त्या कागदाचं नाव ‘टायटल’ असं आहे, म्हणजे हक्कपत्र. कलम 4 च्या चौथ्या पोटकलमाप्रमाणे तो वारसांना जातो, लग्न झालेल्यांच्या बाबतीत नवराबायको दोघांच्या नावे नोंदतात, पण तो विकता, देता, हस्तांतरित करता येत नाही. म्हणून उलट्या बाजूलाही जपायचं: त्याला ‘ओनरशिप’ लिहू नये. मालकी असती तर विकता आली असती. ‘फॉरेस्ट राइट’ हाच त्याचा शब्द. आणि वनहक्काच्या जमिनीचं कोणी खरेदीखत करून आणलं, नोटरीचा शिक्का मारून आणला, तरी त्याचं इंग्रजी ‘कन्व्हेयन्स’ होऊच शकत नाही, कारण जाणारं काही नाही.

दाव्यांत जो ‘ऑक्युपेशन’ शब्द येतो, 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासूनचा, त्याचं मराठी ताबा आणि कसणूक. काही जुन्या शासकीय कागदांत तिथे ‘अतिक्रमण’ आहे. मूळ कागदात अतिक्रमण असेल तर भाषांतरात तेच ठेवावं लागेल, आपल्याला कितीही बोचलं तरी. पण मूळात ‘ताबा’ असताना ‘एन्क्रोचमेंट’ लिहिलं असेल तर ती चूक आहे, आणि ती दुरुस्त करून मागता येते.

वरून खाली येणाऱ्या आदेशांचंही एक. उच्च न्यायालयानं ताब्याबाबत ‘स्टेटस को’ दिलं की त्याचं मराठी ‘जैसे थे’. गावात दोन्ही बाजू सांगतात, आम्हाला स्टे मिळाला. आदेशात बहुधा ताबा कोणाचा हे लिहिलेलंच नसतं. आजच्या दिवशी जसं आहे तसं ठेवा, एवढंच असतं. म्हणून असा आदेश आला की त्याच दिवशी पंचनामा, पिकाची नोंद, फोटो गोळा करा. तलाठ्याला इंग्रजी आदेश देताना मराठी भाषांतरात ‘ताबा वादीचा’ असं कोणी घुसडलंय का तेही बघा.

भाषांतर चुकलं असं वाटलं तर घाबरायचं कारण नाही. पुरावा मूळ कागद असतो, भाषांतर ही वाचण्याची सोय. वकिलाला सांगून दुरुस्त भाषांतर अर्जासोबत लावता येतं, फक्त सुनावणीच्या आधी. तपासायची रीत सोपी आहे. इंग्रजी जाणणारा आपला एखादा पोरगा किंवा पोरगी घ्या, त्यांना मूळ मराठी दाखवू नका. फक्त इंग्रजी देऊन म्हणा, याचं आपल्या भाषेत मोठ्यानं सांग. ज्यांनी अंगठा दिला किंवा ज्यांच्या बापानं दिला, त्यांना समोर बसवा. जिथे म्हातारी म्हणेल ‘असं नव्हतं लिवलं’, तिथे पेन्सिलीनं खूण करा आणि मग मूळ कागद उघडा. क्षेत्र, गट नंबर, चतुःसीमा, तारखा आकड्यानं आणि अक्षरानं जुळवा. आपल्या नमुन्यातले 4 एकर 12 गुंठे म्हणजे सुमारे 1 हेक्टर 74 आर, आणि भाषांतरात मूळचं एकर-गुंठेच राहिलं पाहिजे. हेक्टरचा हिशेब खाली वेगळा लिहावा.

ज्यांची अपिलं खंडपीठात आहेत त्यांनी पुढच्या तालुका बैठकीला मूळ कागदाची झेरॉक्स, 7/12 चे जुने-नवे उतारे आणि वकिलानं लावलेल्या इंग्रजी भाषांतराची प्रत आणावी. प्रत मिळाली नसेल तर वकिलाकडे लेखी मागावी. मूळ कागद घरीच ठेवा, बैठकीला आणू नका.